जामीनकीतून मुक्त करण्याबाबत विनंती अर्ज

मा. शाखाधिकारी यांस,

कर्जखाते क्र. 4172 ला मी दुसरा जामीनदार आहे. कर्जदार माझे वीस वर्षांचे मित्र. त्यांच्या शब्दावर मी जून 2023 मध्ये सही केली.

या कर्जाचे हप्ते आजवर वेळेवर आहेत. पण त्यांचे दुकानाचे भाडे पाच महिने थकले आहे, आणि दुसरीकडच्या वाहनकर्जाचे तीन हप्तेही. गेल्या आठवड्यात त्यांनीच या थकबाकीची नोटीस माझ्यासमोर ठेवली. त्यांचे हात थरथरत होते. मला त्यांची काळजी वाटते, पण माझ्या एकट्याच्या पगारावर घर चालते.

आपल्या लेखी संमतीशिवाय माझी जबाबदारी संपत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून कर्जदाराचे थोरले बंधू माझ्याजागी जामीन राहण्यास तयार आहेत. त्यांचे संमतीपत्र व उत्पन्नाचा दाखला सोबत जोडला आहे. ते अपुरे वाटल्यास वाढीव तारण घ्यावे, पण मला मुक्त करावे.

निर्णय होईपर्यंत माझ्या जामिनावर वाढीव कर्ज देऊ नये, शिल्लक रकमेचा खातेउतारा द्यावा आणि एकही हप्ता चुकला तर मला त्याच दिवशी कळवावे. उत्तर कृपया लेखी द्यावे.

आपला विश्वासू,
जामीनदार क्र. 2