परदेश नियुक्तीपत्र

वाळूज एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर
दि. १० मार्च २०२५

प्रति,
श्री. जाधव,
व्यवस्थापक (गुणवत्ता), वाळूज कारखाना

विषय : स्टुटगार्ट, जर्मनी येथील समूह कंपनीत दि. ५ मे २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी नियुक्ती

स. न. वि. वि.

२६ फेब्रुवारीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे नियुक्तीच्या अटी कळवत आहोत. इंग्रजी प्रत सोबत आहे आणि कायदेशीर वाद झाल्यास तीच ग्राह्य धरली जाईल. ही मराठी प्रत मुद्दाम केली आहे. घर दोन वर्षांसाठी हलवायचं, तर त्याचा करार घरातल्या सर्वांना वाचता आला पाहिजे.

१. नोकरी कोणाची. आपण वाळूजचेच कर्मचारी राहाल. सेवेचे वर्ष, ग्रॅच्युइटी आणि वार्षिक वेतनवाढ खंडाशिवाय चालू राहील. जर्मनीत रोजचे काम तिथल्या प्लांट प्रमुखांच्या हाताखाली असेल. कामाच्या परवान्यासाठी समूहांतर्गत बदलीचे आयसीटी कार्ड घेतले जाईल. ते हातात आल्याशिवाय तिथे काम सुरू करू नये, पाहुणा म्हणून लाइनवर उभेही राहू नये.

२. भविष्य निर्वाह निधी. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार पीएफ कार्यालयाकडून कव्हरेज प्रमाणपत्र काढले जाईल. त्यामुळे जर्मन पेन्शन वर्गणी भरावी लागणार नाही आणि पीएफ इथेच कापला जाईल. प्रमाणपत्र वेळेत सादर झाले नाही, तर पगारातून ९.३ टक्के कर्मचारी हिस्सा तिथे कापला जातो आणि परत मिळवणे किचकट होते. म्हणून फॉर्मवरची सही २० मार्चपर्यंत आमच्याकडे पोहोचावी. आरोग्य विमा या प्रमाणपत्राखाली येत नाही. तो जर्मनीत स्वतंत्र घेतला जाईल, कुटुंबासह, कंपनीच्या खर्चाने.

३. पगार व भत्ते. आधारभूत वार्षिक वेतन रु. २८,७५,००० हेच राहील. त्यावर पुढील भत्ते मिळतील, आणि ते सर्व निव्वळ आहेत, म्हणजे त्यांवरचा जर्मन कर कंपनी भरेल.

राहणीमान भत्ता दरमहा ६२० युरो. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी होईल, रुपया-युरो दराप्रमाणे तो कमीही होऊ शकतो. घरभाडे कंपनी थेट घरमालकाला देईल, दरमहा १,६५० युरोपर्यंत. ही मर्यादा 'उबदार भाड्या'ची आहे, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. जाहिरातीत बहुधा 'थंड भाडे' मोठ्या अक्षरात असते, त्यावर भुलून घर पक्के करू नये. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत असू शकते. ती कंपनी देईल, परत आली की कंपनीची.

सुरुवातीचे ४५ दिवस सर्व्हिस अपार्टमेंट. सामानासाठी कुटुंबाला १५० किलो हवाई मालवाहतूक. स्थिरस्थावर होण्यासाठी एकरकमी २,००० युरो, पावत्या नकोत. मुलाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी पूर्ण. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मागील दोन वर्षांची गुणपत्रके निघण्यापूर्वी इंग्रजीत करून घ्यावीत. वर्षातून एकदा कुटुंबासह घरी येण्याचे इकॉनॉमी तिकीट, चिकलठाणा विमानतळापर्यंत. सुट्टी २५ दिवस.

४. कर समानीकरण. हा परिच्छेद दोनदा वाचावा, कारण पुढे गैरसमज इथेच होतात.

तत्त्व असे, की परदेशी गेल्यामुळे कराच्या बाबतीत आपला तोटाही होऊ नये आणि फायदाही नाही. भारतात राहिला असता तर जेवढा कर लागला असता, तेवढाच आपल्याकडून घेतला जाईल. तोच काल्पनिक कर, स्लिपवर 'हायपो टॅक्स'. नव्या कररचनेनुसार २०२५-२६ साठी त्याचा हिशोब :

वेतन २८,७५,००० वजा प्रमाणित वजावट ७५,००० = २८,००,०००.
२४ लाखांपर्यंतच्या टप्प्यांवर ३,००,०००, वरच्या ४ लाखांवर ३० टक्क्यांनी १,२०,०००, एकूण ४,२०,०००.
४ टक्के उपकर १६,८००. वर्षाला ४,३६,८००, महिन्याला ३६,४०० रुपये.

ही रक्कम प्राप्तिकर खात्यात जमा होत नाही. ती कंपनीकडे राहते आणि तिच्या बदल्यात जर्मनीतला प्रत्यक्ष कर, कितीही असो, कंपनी भरते. म्हणून ही कपात फॉर्म १६ मध्ये टीडीएस म्हणून दिसणार नाही. गृहकर्जाच्या बँकेने विचारल्यास आमच्याकडून खुलासापत्र घ्यावे. उलट बाजूही तितकीच पक्की आहे. कंपनीने भरलेल्या कराचा परतावा आपल्या खात्यात आला, तर तो कंपनीचा असतो आणि ३० दिवसांत परत करायचा असतो.

समानीकरण फक्त कंपनीच्या उत्पन्नाला लागू आहे. सिडकोतल्या घराचे भाडे, ठेवींचे व्याज, पैठण तालुक्यातली शेती हे आपले खासगी उत्पन्न. शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त असले, तरी जर्मनीचे रहिवासी झाल्यावर तिथे जगभरचे उत्पन्न सांगावे लागते. कर लागेल की नाही हे दुहेरी कर टाळण्याच्या कराराप्रमाणे सल्लागार ठरवेल. त्याच्यापासून काही लपवू नये. दोन्ही देशांतली विवरणपत्रे कंपनीच्या खर्चाने भरली जातील.

अनिवासी दर्जा टिकावा म्हणून दोन्ही आर्थिक वर्षांत भारतातले एकूण दिवस ६० च्या आत ठेवावेत. पहिल्या वर्षात ३ मे रोजी निघेपर्यंतचे ३३ दिवस त्यातच धरले जातात. पासपोर्टवरचे शिक्के जपावेत. इथले बचत खाते निघाल्यावर एनआरओ करून घ्यावे. गृहकर्जाचा हप्ता त्यातून चालू ठेवता येतो.

स्टुटगार्टमध्ये घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महानगरपालिकेत नोंदणी करावी लागते. तिथल्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. नोंद झालेल्या चर्चच्या सदस्यांकडून चर्च-कर घेतला जातो. म्हणून रकाना वाचून, विचारून भरावा.

५. परतीचे काम. ३१ मार्च ही तारीख विचारपूर्वक धरली आहे. एप्रिलमध्ये तिथे काम सुरू राहिले, तर नव्या आर्थिक वर्षात आपण भारतात रहिवासी ठराल आणि त्या महिन्याचा पगार दोन्ही देशांत करपात्र होईल. जर्मनीत भरलेल्या कराचे श्रेय भारतात मिळते, पण त्यासाठी फॉर्म ६७ आणि बराच पत्रव्यवहार करावा लागतो. मुदतवाढ हवी असेल तर ती सप्टेंबर २०२६ पर्यंत लेखी ठरवावी.

ऑक्टोबर २०२६ मध्ये आपली परतीची जागा लेखी कळवली जाईल. ती सध्याच्या श्रेणीपेक्षा खालची नसेल आणि मराठवाड्यातच असेल, वाळूज किंवा शेंद्रा. त्या वेळी तशी जागा नसेल, तर सहा महिने पूर्ण पगारावर प्रकल्प काम दिले जाईल. परतल्यावर वेतन इथल्या वेतनवाढी धरून ठरेल. भत्ते आणि काल्पनिक कर मात्र ३१ मार्चला थांबतील. २०२६-२७ चा बोनस जुलैमध्ये मिळेल, तेव्हा जर्मनी त्यातल्या तिथे कमावलेल्या भागावर कर मागेल. तो फरकही कंपनी भरेल.

घर सोडण्याची लेखी नोटीस तीन महिने आधी द्यावी लागते, म्हणून ती डिसेंबर २०२६ मध्येच द्यावी. निघताना नोंदणी रद्द केल्याचा दाखला घ्यावा. परतल्यापासून १२ महिन्यांच्या आत स्वतःहून नोकरी सोडल्यास सामान व तिकिटांचा खर्च प्रमाणात वसूल होईल. कंपनीने काढल्यास काहीही वसूल होणार नाही, आणि कुटुंबासह परतीचे तिकीट कंपनी देईल. दोन्ही प्रसंगी राहिलेली करविवरणपत्रे पूर्ण होईपर्यंत सहकार्य बंधनकारक राहील.

या अटी मान्य असल्यास दोन्ही प्रतींच्या प्रत्येक पानावर सही करून २४ मार्च २०२५ पर्यंत मनुष्यबळ विभागात द्याव्यात. शंका असल्यास सही करण्याआधी विचाराव्यात. वहिनींना सोबत घेऊन आलात तरी बैठकीची वेळ देऊ.

आपला,
मनुष्यबळ विभाग प्रमुख

वरील अटी वाचल्या, समजल्या व मान्य आहेत.
जाधव, दि. २१ मार्च २०२५