इंटर्नशिप नियुक्तीपत्र : अटी

आमच्या कोथरूडच्या आर्किटेक्ट ऑफिसात तुमची इंटर्नशिप १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५. विद्यावेतन दरमहा १२,००० रुपये.

गोपनीयता : ग्राहकांचे नकाशे, अंदाजपत्रके, दर बाहेर सांगू नयेत. साइटवरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही ठेवू नयेत. इंटर्नशिप संपल्यावरही दोन वर्षे ही अट लागू राहील.

कामाची मालकी : येथे केलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट ऑफिसचा. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क तुमचाच. पोर्टफोलिओत लावण्यासाठी ग्राहकाची लेखी परवानगी हवी. ती आम्ही स्वतः मागून देऊ. कॉलेजचा प्रबंध पूर्णपणे तुमचा.

नोटीस : दोन्ही बाजूंनी १५ दिवस, लेखी. परीक्षेसाठी सोडल्यास नोटीस लागणार नाही. प्रमाणपत्र किंवा शिल्लक विद्यावेतन कोणत्याही कारणाने अडवले जाणार नाही.