महानुभाव पंथावरील लेख : परीक्षकांच्या अभिप्रायांना उत्तर

मा. संपादक व दोन्ही परीक्षक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘महानुभाव पंथाची घडण : नागदेवाचार्य ते आम्नाय’ या लेखावरचे दोन्ही अहवाल बारकाईने वाचले. सुधारित मसुदा सोबत आहे. बदललेला मजकूर ठळक केला असून खालील पृष्ठांक नव्या मसुद्यातले आहेत.

परीक्षक १ : लीळाचरित्र तेराव्या शतकाचा थेट पुरावा म्हणून वापरल्याचा आक्षेप.
आक्षेप पूर्ण मान्य. म्हाइंभटांनी लीळा जमवल्या त्या चक्रधरांच्या पश्चात, नागदेवाचार्यादिकांना विचारून. त्यांची मूळ पोथी स्वारीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा बांधली, असे पंथ सांगतो. पाठ वेगळे पडले ते इथेच. आता प्रत्येक लीळेपुढे पाठाचे नाव दिले आहे (पृ. ४-९). दोन पाठांत न जुळणाऱ्या लीळांवर एकही निष्कर्ष टेकवलेला नाही. त्या तळटीपेत गेल्या.

कालगणनेतली चूकही दुरुस्त केली. सर्वत्र शकात सरसकट ७८ मिळवले होते. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात, म्हणून पृ. ६ वरच्या दोन तिथी एका वर्षाने पुढे सरकल्या.

चक्रधरांचा अंत.
‘हेमाद्रीने शिरच्छेद करविला’ हे वाक्य काढले. मी ते सिद्ध घटना म्हणून लिहिले होते, आणि ते चूक होते. मात्र प्रसंगच वगळावा ही परीक्षक २ यांची सूचना स्वीकारता येत नाही. पंथाची श्रद्धा उत्तरापंथे गमनाची आहे. शिरच्छेदाचा मजकूर काहीच पोथ्यांत येतो. हा फरक स्वतःच इतिहासाचे साधन आहे. पृ. ११ वर दोन्ही परंपरा शेजारीशेजारी, कोणता शब्द कोणाचा हे सांगून, मांडल्या आहेत. अनुयायांच्या भावनेचा हा विषय आहे, म्हणून क्रियापदेही तपासून घेतली : जिथे ‘झाले’ होते तिथे आता ‘सांगितले जाते’ आहे.

परीक्षक २ : सकळ लिपी.
‘गुप्त भाषा’ हा माझा शब्दप्रयोग चुकीचा होता. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे येते. भाषा मराठीच राहते. स्वाऱ्यांच्या भीतीने ती निघाली, हे विधानही मागे घेतले, कारण लिपीचा परिणाम (बाहेरच्यांना पोथी न वाचता येणे) आणि तिचा हेतू मी एकच धरले होते. परिणामाबद्दलचा परिच्छेद तसाच ठेवला आहे (पृ. १४).

तेरा आम्नाय.
ही संख्या परंपरेने दिलेली आहे, असे आता स्पष्ट लिहिले. उपाध्ये व कवीश्वर या दोन आम्नायांवरच विवेचन मर्यादित केले. पंजाबातल्या जयकृष्णी शाखेचा विस्तार मागितला होता. तो या लेखाच्या कालमर्यादेत बसत नाही, म्हणून दोन वाक्यांवर थांबले.

शुद्धलेखनाच्या सूचना सर्व घेतल्या. जुन्या मराठीच्या अवतरणांतले ऱ्हस्व-दीर्घ मात्र पोथीप्रमाणेच ठेवले आहेत. मुद्रितशोधनात ते ‘सुधारले’ जाऊ नयेत, ही विनंती.

आपली,
लेखिका