सहा खेपा, दहा किलोमीटर : रविवार, ११ जानेवारीच्या धावण्याची नोंदणी सुरू

पेठ तालुक्यात ६२ उंबऱ्यांचा एक पाडा आहे. विहीर आहे, मेमध्येही तिला पाणी असतं. पण ती खाली दरीत आणि घरं वर टेपावर. मधली वाट ९०० मीटरची. एक खेप म्हणजे उतरणं-चढणं मिळून १.८ किलोमीटर. घरात पाच माणसं आणि दोन जनावरं असली की दिवसाला सहा खेपा होतात. म्हणजे आपली दहाची शर्यत झाली की! त्यातली निम्मी चढणीवर, डोक्यावर हंडा घेऊन.

मे महिन्यात आमच्यातले चौघे तिथे जाऊन आले. चौघेही रोज सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळणारे, दमाची ऐट असणारे. एका मावशींनी साडीच्या जुन्या तुकड्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवून दिली आणि पंधरा लिटरचा हंडा चढवला. पहिल्या वळणावरच अर्धं पाणी आमच्या पाठीवर. मावशी मागून दोन हंडे घेऊन येत होत्या, बोलत बोलत. "पळता ना तुम्ही रोज?" एवढंच म्हणाल्या.

पावसाळ्यात याच पट्ट्यात नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, पण उतारावरून धावत पश्चिमेकडे निघून जातो. काळ्या दगडात तो मुरत नाही. म्हणून यंदाच्या धावण्यातून जमणारे पैसे याच पाड्यासाठी : विहिरीवर सौर पंप, ९०० मीटर पाइप आणि वर २० हजार लिटरची टाकी. अंदाज ३ लाख ८० हजारांचा. पाइपचा चर पाड्यातले लोक श्रमदानाने खणणार आहेत. पुढच्या दुरुस्तीसाठी दर घरामागे महिना ३० रुपये जमा करायचे, असं त्यांच्या बैठकीत ठरलंय. पाड्याचं नाव इथे मुद्दाम टाकत नाही. फोटो काढायला गाड्या भरून लोक येतात, तो अनुभव त्यांनी घेतलाय.

आता मार्ग. सुरुवात आणि शेवट गंगापूर रोडवर, डोंगरे वसतिगृह मैदानावर. तिथून विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल, आनंदवल्ली करत सोमेश्वरकडे. १० किमीवाले सोमेश्वर मंदिराच्या अलीकडे वळतील, ५ किमीवाले जेहान सर्कल ओलांडून थोडं पुढे, आणि ३ किमीवाले विद्या विकास सर्कलच्या आसपास. वळणावर आमची माणसं पिवळी जाकिटं घालून उभी असतील, शंका आली तर त्यांनाच विचारा. जाताना गोदावरी उजव्या हाताला असते. दिसत नाही, पण जानेवारीत तिचा गारवा कानांना नक्की लागतो. रस्ता पूर्ण बंद नसेल, एकच बाजू आपल्याला मिळणार आहे. त्यामुळे दुभाजक ओलांडून शॉर्टकट मारू नका, आणि कानात हेडफोन नकोच.

१० किमी सकाळी ६.३०, ५ किमी ६.५०, ३ किमी ७.१५. साडेसहाला अंधारच असतो, त्यामुळे दहावाल्यांनी उजळ रंगाचे कपडे घाला.

शुल्क : १० किमी ७०० रुपये, ५ किमी ५०० रुपये, ३ किमी ३०० रुपये. बारा वर्षांखालच्या मुलांना ३ किमीसाठी १५० रुपये. सत्तरी ओलांडलेल्यांना शुल्क नाही, त्यांचा खर्च आम्ही खिशातून करतोय. फक्त नोंदणी करा, म्हणजे नंबर तयार ठेवता येईल.

यातले माणशी ११० रुपये नंबरचा कागद, पाणी, केळी, दोन रुग्णवाहिका आणि मांडवावर जातात. उरलेलं सगळं टाकीला. म्हणजे तुमच्या ५०० मधले ३९०. जागा १० किमीला २५०, ५ किमीला ५००, ३ किमीला ४००. सगळ्या भरल्या तर अंदाजाची रक्कम पार होते आणि उरलेल्यातून विहिरीला कठडा बांधता येईल. कमी भरल्या तर आधी टाकी आणि पाइप, पंप पुढच्या टप्प्यात. बिलं आणि जमाखर्च फेब्रुवारीअखेर याच पानावर टाकू.

टी-शर्ट यंदा शुल्कात नाही. गेल्या वर्षी पैसे घेतलेल्या एका छपाईवाल्याने शर्ट शर्यतीनंतर नऊ दिवसांनी आणून दिले, तेही निम्मे लहान मापाचे. अजून एका घराच्या माळ्यावर चाळीस पडून आहेत. ज्याला हवाच आहे त्याने नोंदणीतच २५० रुपये जास्त भरा, यंदा माप आधी घेतोय. मेडलही नाही. मेडल खिळ्याला लटकतं आणि पुढच्या दिवाळीत रद्दीत जातं. त्याऐवजी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पाड्यातल्या बायकांनी वळलेले नागलीचे दोन लाडू. प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघांना भांडी बाजारातला तांब्याचा तांब्या. त्याचे पैसे आमच्यातल्याच दोघांनी दिलेत, शुल्कातून नाहीत.

वयोगट, म्हणजे ११ जानेवारीला तुमचं जे वय असेल ते :
१० किमी : १८ ते ३५, ३६ ते ५०, ५१ आणि पुढे. अठराच्या आतल्यांना दहाला प्रवेश नाही, कितीही चांगले पळत असलात तरी.
५ किमी : १४ ते १७, १८ ते ४०, ४१ ते ५९, ६० आणि पुढे. अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागेल.
३ किमी : ६ वर्षांपासून सगळे. इथे पहिला-दुसरा काढत नाही, तांब्याही नाही. बाराच्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस धावायला हवं, कडेला उभं राहून हात हलवणं चालणार नाही. आजी-आजोबांनी चालत पूर्ण केली तरी लाडू मिळणारच.
१० आणि ५ किमीला महिला आणि पुरुषांचे गट वेगळे.

बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. फॉर्ममध्ये रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन विचारलाय, तो खरा भरा. आणि तो माणूस त्या सकाळी फोन उचलणारा असावा!

नोंदणी ३१ डिसेंबरपर्यंत किंवा जागा संपेपर्यंत, जे आधी होईल ते. लिंक आमच्या प्रोफाइलवर आहे, पैसे यूपीआयने. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, पण यायला जमत नसेल तर ५ जानेवारीपर्यंत आम्हाला मेसेज करा, तुमचा नंबर दुसऱ्याच्या नावावर करून देऊ. परस्पर देऊ नका. रुग्णवाहिकेत चुकीचा रक्तगट पोहोचतो.

नंबर शनिवारी, १० जानेवारीला सकाळी ११ ते संध्याकाळी ७ पर्यंत मैदानावरच्या मांडवात मिळतील. ओळखपत्र आणा. रविवारी सकाळी नंबर वाटणार नाही, दरवर्षी त्या रांगेमुळे सुरुवात लांबते. गाड्या मैदानात लावा, गंगापूर रोडच्या कडेला नको. पाणी ग्लासात नाही, घागरीतून देणार आहोत, तेव्हा आपला मग किंवा बाटली आणा.

संपल्यावर मिसळ कुठे खायची यावरून आमच्यात दोन तट आहेत. ते भांडण मैदानावर मिटवू. बिल मात्र ज्याचं त्याने द्यायचं.

#नाशिक #गंगापूररोड #धावूया #पाण्यासाठी