डिझाईन अभियंता पदासाठी आलेल्या बायोडेटावरील छाननी अभिप्राय

प्रति,
विभागप्रमुख, उत्पादन विकास विभाग, जळगाव

महोदय,

ठिबक सिंचनाच्या फिल्टर व फिटिंग्जसाठी आपण दिलेल्या जाहिरातीत सॉलिडवर्क्सचा सराव, टॉलरन्सची पक्की जाण आणि किमान एक वस्तू कल्पनेपासून उत्पादनापर्यंत नेल्याचा अनुभव मागितला आहे. धुळ्याच्या उमेदवाराचा बायोडेटा त्या कसोटीवर वाचल्यानंतर त्यांना मुलाखतीस बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात पाच नावे आहेत; परंतु पुण्यातील सहा वर्षांच्या कामाच्या वर्णनात सॉलिडवर्क्स आणि क्रिओ हीच दोन येतात, म्हणून तेवढीच धरावीत. आपल्याला ती पुरेशी आहेत.

टॉलरन्सचा भाग मात्र मला विशेष आवडला. २५ मि.मी.च्या पिनसाठी H7/g6 फिट का निवडली, हे त्यांनी कारणासह लिहिले आहे: पिन हाताने सरकली पाहिजे, पण खडखडली नको. या फिटमध्ये मोकळीक ०.००७ ते ०.०४१ मि.मी. राहते, त्यामुळे निवड योग्यच आहे. अनेक बायोडेटांत ‘जीडी अँड टी येते’ एवढेच लिहिलेले असते; इथे पोझिशन टॉलरन्ससाठी कोणता पृष्ठभाग डेटम धरला आणि तपासणीचे गेज त्याच पृष्ठभागावर कसे बसवले, हेही सांगितले आहे. ज्याने तपासणी विभागात उभे राहून काम पाहिले आहे, तोच असे लिहितो.

अडचण एवढीच की, हे सारे यंत्रावर कापलेल्या पोलादाचे आहे. पॉलिप्रॉपिलीन साच्यात साधारण १ ते २.५ टक्के आकसते, १२० मि.मी. व्यासाच्या झाकणात आकसण्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तरी माप ०.६ मि.मी.ने हलते. धातूची सवय असलेला अभियंता अशा झाकणावर ±०.०५ लिहून मोकळा झाला, तर साचा बनवणारा आणि आपण दोघेही अडचणीत येऊ. ड्राफ्ट अँगल, भिंतीची समान जाडी, रिब यांचा बायोडेटात उल्लेख नाही.

उत्पादन विकासाबद्दल एका ब्रॅकेटचा प्रवास नमुन्यापासून पहिल्या लॉटच्या तपासणीपर्यंत दिला आहे. त्यात डीएफएमईए ‘आमच्या गटाने केले’ असे आहे. त्यातील उमेदवाराचा वाटा नेमका किती, हे विचारून घ्यावे.

जुन्या कंपनीची ड्रॉइंग आणायला सांगू नये, ते योग्य होणार नाही. त्याऐवजी आपल्याच फिल्टरचे झाकण, त्याची ओ-रिंग आणि व्हर्निअर समोर ठेवून, कोणत्या मापावर कडक टॉलरन्स हवा आणि कोणते माप सैल सोडता येईल, हे कागदावर काढून दाखवण्यास सांगावे. यासाठी त्यांना निवांत अर्धा तास द्यावा.

आपला विश्वासू,
वरिष्ठ अभियंता, टूलरूम