विषय: विहिरींचा तक्ता काल दिला नाही, त्याबद्दल माफी; नवी वेळ बुधवार २५ जून, दुपारी ४

ताई, नमस्कार.

पुरंदरच्या सहा गावांतल्या ११२ विहिरींचा पावसाळ्यापूर्वीचा तक्ता, नकाशा आणि चार पानी टिपण काल, शुक्रवारी २० जूनला संध्याकाळी ६ वाजेपर्यंत तुमच्याकडे पोचायला हवं होतं. ते मी दिलं नाही आणि देणार नाही हे कळवलंही नाही. माफ करा. तिन्ही गोष्टी बुधवारी २५ जूनला दुपारी ४ पर्यंत देते.

त्याआधी एक तातडीचं. १० जूनला मी तुम्हाला पहिल्या ३० विहिरींचा कच्चा तक्ता पाठवला होता, तो कृपया कुठेही वापरू नका. त्यातले आकडे चुकलेत. २७ तारखेच्या देणगीदारांच्या बैठकीच्या स्लाइडमध्ये त्यातलं काही घेतलं असेल तर ते काढावं लागेल. हे मला गुरुवारी रात्री कळलं. त्याच रात्री तुम्हाला फोन करायला हवा होता.

चूक अशी आहे. वहीत आपण कठड्यापासून पाण्यापर्यंतचं माप फूट-इंचात लिहिलंय आणि मी ते तक्त्यात दशांश चिन्ह देऊन भरत गेले. २३ फूट ११ इंच मी २३.११ असं टाकलं. खरं तर ते २३.९२ फूट होतं. मीटरमध्ये ७.२९ यायला हवं तिथे ७.०४ आलं, म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा पाव मीटर वर दिसलं. १७ नंबरच्या विहिरीचा आकडा शेजारच्या विहिरीशी जुळेना म्हणून वही उघडली, तेव्हा लक्षात आलं. ६ इंचाला फरक किरकोळ पडतो, १० आणि ११ इंचाला मोठा. कुठे किती, हे तक्त्याकडे बघून सांगता येत नाही, कारण २३.१ म्हणजे १ इंच की १० इंच हेच कळत नाही; शेवटचं शून्य तक्ता स्वतःच गाळतो. त्यामुळे सूत्र लावून भागणार नव्हतं, प्रत्येक ओळ वहीवरून पुन्हा भरणं भाग आहे. आता फूट, इंच आणि कठड्याची उंची असे तीन वेगळे रकाने केलेत आणि जमिनीपासूनची खोली अशी काढतेय:

```
=(C2+D2/12-E2)*0.3048
```

पण उशिराचं कारण ही चूक नाही. चूक गुरुवारी सापडली. त्याआधीचे तीन दिवस मी या कामाला हातच लावला नव्हता. सोमवारी २३ तारखेला कॉलेजमध्ये तोंडी परीक्षा आहे, तिच्या अभ्यासात होते. परीक्षेचं कारण पुढे करता आलं असतं, पण ती तारीख मला मे महिन्यातच माहीत होती आणि २० जून ही मुदत मी स्वतः सुचवली होती. आकडे भरून झालेत, बाकीचं दोन दिवसांत होईल, असं मी धरून चालले. बुधवारी तुम्ही ऑफिसच्या जिन्यात विचारलंत तेव्हा "चालू आहे, होईल" म्हणाले. तेव्हा नकाशाची फाइल मी उघडलीही नव्हती. त्या उत्तराबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर तुमच्याकडे काम दुसऱ्या कुणाला वाटून द्यायला दोन दिवस होते.

आज सकाळची स्थिती: ११२ पैकी ६४ विहिरी वहीवरून तपासून झाल्यात, तो तक्ता सोबत जोडलाय. तपासलेल्या ओळी हिरव्या आहेत, तेवढ्याच वापरण्याजोग्या. खालच्या अंगाची तीन गावं त्यात पूर्ण आहेत.

४८ विहिरी राहिल्यात. तासाला साधारण आठ होतात, म्हणजे सहा तास. तीन आज, तीन उद्या. सोमवारी परीक्षा, त्या दिवशी काम होईल असं मी म्हणत नाही. मंगळवार पूर्ण दिवस QGIS मध्ये नकाशा. ३० विहिरींच्या कच्च्या नकाशालाच मला चार तास लागले होते, त्यातले दोन नुसती एकमेकांवर चढणारी नावं सरकवण्यात गेले. बुधवारी सकाळी टिपण, मग एकदा वाचून ४ वाजता तुमच्याकडे. मंगळवार संध्याकाळ लिहायचा मोह झाला होता. पण ती वेळही चुकली तर दुसऱ्यांदा माफी मागायला तोंड राहणार नाही.

एक गोष्ट माझ्या हातात नाही. नऊ विहिरींच्या कठड्याची उंची वहीत लिहायची राहिली आहे. त्यातल्या सहांच्या फोटोत कठड्याला लावलेला टेप स्पष्ट वाचता येतो, त्या भरता येतील. तीन विहिरींचा फोटोही उपयोगाचा नाही. एकीच्या कठड्यावर तर गोधडी वाळत घातलेली आहे. पाणीपातळी पुन्हा मोजता येणार नाही, यंदा मे महिन्यातच पाऊस आल्यावर तो प्रश्न संपला. कठडा मात्र कधीही मोजता येतो. गावातल्या दादांना फोन केला होता. ते म्हणाले, माउलींची पालखी रविवार-सोमवार सासवडला मुक्कामी आहे, घरटी माणूस तिकडे, मंगळवारनंतर बघू. दिवे घाटातून आपणही त्या दिवसांत जाऊ शकत नाही. म्हणून मंगळवारी संध्याकाळी त्यांना पुन्हा फोन करीन. बुधवारपर्यंत माप आलं नाही तर त्या तीन ओळी रिकाम्या ठेवून "कठडा मोजलेला नाही" असं लिहीन. अंदाजे अडीच फूट टाकणार नाही.

बैठक शुक्रवारी आहे, म्हणजे तुम्हाला तपासायला दीडच दिवस मिळतो. शनिवार-रविवार निवांत बघायचं असं तुम्ही ठरवलं होतं, ते माझ्यामुळे गेलं. बुधवार उशिराचा वाटत असेल तर दोन गोष्टी करता येतील: नकाशा खालच्या तीनच गावांचा करून मंगळवारी दुपारपर्यंत देते, किंवा नकाशा दुसऱ्या कुणाकडे सोपवा, मी त्यांना फाइल आणि वह्यांचे फोटो आजच देते. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.

उद्या संध्याकाळी ७ वाजता किती ओळी झाल्या त्याचा आकडा तुम्हाला मेसेज करते, कमी झाल्या असतील तरी. आज दुपारी तुम्हाला वेळ असेल तर फोनही करते. हे सगळं तोंडाने सांगायला हवं होतं, पण १० तारखेच्या तक्त्याचं लेखी असलेलं बरं म्हणून आधी मेल.

वह्या माझ्याकडे सुरक्षित आहेत, सोमवारी परीक्षेनंतर ऑफिसला आणून कपाटात ठेवते.

आपली,
ऋतुजा

सोबत: तपासलेल्या ६४ विहिरींचा तक्ता (२१ जून, सकाळचा)