विशेष ग्रामसभेची सूचना

ग्रामपंचायत कार्यालय, पिंपळमाळ
ता. पारनेर, जि. अहिल्यानगर
दिनांक : 1 एप्रिल 2025

तमाम ग्रामस्थ बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, गावच्या पिण्याच्या पाण्याबाबत विशेष ग्रामसभा बुधवार, दिनांक 9 एप्रिल 2025 रोजी सकाळी 9.30 वाजता मारुती मंदिरासमोरील सभामंडपात होईल. अध्यक्षस्थानी सरपंच असतील.

महिला सभा आदल्या दिवशी, मंगळवार दि. 8 एप्रिल रोजी दुपारी 3 वाजता जिल्हा परिषद शाळेत आहे. हंडे कुणाच्या डोक्यावर असतात ते सर्वांना माहीत आहे, तेव्हा महिलांच्या सूचना बुधवारी सर्वांत आधी वाचल्या जातील.

पाणीपुरवठ्याच्या विहिरीत आज चार फूट पाणी आहे. नळाला तिसऱ्या दिवशी येणारे पाणी आता सहाव्या दिवशी येते आणि माळवस्तीवर तेही चढत नाही. म्हणून टँकरच्या मागणीचा ठराव या सभेत घ्यायचा आहे. ठराव झाल्यावर प्रस्ताव पंचायत समितीकडे गटविकास अधिकाऱ्यांना पाठवला जाईल. पुढे पाहणी आणि मंजुरीला दिवस लागतात, म्हणून मे महिन्याची वाट पाहून चालणार नाही. टँकर कोणत्या वस्तीवर कुठे उभा राहील, हेही त्याच दिवशी ठरेल. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे व जे अधिग्रहणास तयार आहेत, त्यांनी सातबारा उतारा सोबत आणावा.

दुसरा विषय नव्या बोअरचा. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत बोअर घेण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही ओढ्याच्या बाजूला रात्री मशीन लावल्याच्या तक्रारी कार्यालयाकडे आल्या आहेत. त्यावर उघड चर्चा होईल. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी पारावर न बोलता सभेत बोलावे.

पाझर तलावातील गाळ पावसाआधी काढणे व तो शेतात नेऊ इच्छिणाऱ्यांची नावे नोंदवणे, हा तिसरा विषय. विशेष सभा असल्याने घरकुल, रस्ते, दिवाबत्ती हे विषय या वेळी घेतले जाणार नाहीत.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. आपले मतदार 1,140 आहेत, म्हणजे 100 माणसे हवीत. मागच्या वेळी 61 जण आले आणि सभा तहकूब झाली. हजेरी वहीवर सही सभेच्या जागीच होईल, वही कुणाच्या घरी पाठवली जाणार नाही. मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाने वेळेवर हजर राहावे.

ही सूचना चावडी, शाळा, दूध संकलन केंद्र व सर्व वस्त्यांवर लावावी. मंगळवारी संध्याकाळी गावात दवंडी दिली जाईल.

सरपंच
ग्रामपंचायत अधिकारी
ग्रामपंचायत पिंपळमाळ